स्मरणपत्र क्रमांक एक

लातूर जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकाच्या टेबलावर माझी अकरा वर्षे गेली. आवक नोंदवही म्हणजे कंटाळवाणी चीज, पण तिचे रकाने एकदा डोक्यात बसले की माणूस पत्रे वेगळ्या नजरेने वाचू लागतो. अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, कोणाकडून आले, त्यांच्या पत्राचा क्रमांक व तारीख, विषय आणि शेवटी कोणत्या संकलनाकडे दिले. हाताशी शिक्का, शाईची गादी आणि समोर रांग. एका पत्राला मिनिटभर मिळाले तर पुष्कळ. त्या मिनिटात कारकून अख्खे पत्र वाचत नाही. तो विषय वाचतो, संदर्भ आहे का बघतो आणि पुढच्याचे घेतो.

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे प्रकरण मला आजही आठवते, कारण त्यात शिक्का माझ्या हातचा होता. त्यांना १९६८ सालच्या एका फेरफाराची प्रमाणित नक्कल हवी होती. भावकीत वाटणी चालली होती, जुना कागद लागणार होता. पहिला अर्ज नीट होता. गाव, गट नंबर, फेरफार नंबर, साल, सगळे एका पानात. मी शिक्का मारला, पोच दिली, अर्ज नक्कल संकलनाकडे गेला. दहा दिवस झाले, काही कळले नाही. मग त्यांनी कोणाच्या तरी सल्ल्याने दुसरा कागद आणला. अडीच पाने. आजोबांपासूनचा इतिहास, सोबत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स पुन्हा जोडलेल्या आणि वर विषय : ‘जमिनीबाबत न्याय मिळणेबाबत’.

पहिल्या अर्जाचा उल्लेख होता, पण तो दुसऱ्या पानाच्या मध्यावर, तारखेशिवाय आणि आवक क्रमांकाशिवाय. मला तो दिसला नाही. मी नवा क्रमांक टाकला. ‘जमिनीबाबत’ दिसल्यावर कागद जमीन संकलनाकडे गेला. तिथल्या सहायकाने रिवाजाप्रमाणे तलाठ्याचा अहवाल मागवला. नक्कल संकलनाच्या सहायकाला वाटले, माणूस आता वेगळ्याच वाटेने निघालेला दिसतो, तेव्हा मूळ अर्ज थोडा थांबला तरी चालेल. एका माणसाच्या एका मागणीच्या दोन फायली झाल्या आणि दोन्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. नक्कल मिळायला पुढे बावीस दिवस गेले. त्यांनी आठवण केली नसती तर कदाचित लवकर मिळाली असती.

त्यांची चूक आठवण करण्यात नव्हती. त्यांनी आठवण केलीच नाही, त्यांनी पुन्हा सांगितले. या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात, पण कागद हाताळणाऱ्याच्या लेखी त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुन्हा सांगितलेली गोष्ट नवी गोष्ट म्हणून नोंदली जाते. आठवण जुन्या गोष्टीला जाऊन चिकटते.

जुन्या व्यापाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. हुंडी वाटेत हरवली की ते दुसरी लिहीत. तिला म्हणत ‘पैठ’. तीही गहाळ झाली तर तिसरी, ‘परपैठ’. पैठीत मूळ हुंडीचा हवाला दिलेला असे. तो नसता तर एकच रक्कम दोनदा पटवली जाण्याची भीती. नुसती तीच हुंडी पुन्हा लिहून पाठवली तर ती नवी हुंडीच की! आपल्या स्मरणपत्राच्या वरच्या भागात ‘संदर्भ’ नावाची जी ओळ असते, तिचे काम पैठीतल्या त्या हवाल्याचेच आहे.

आता स्मरणपत्र आठवड्याने द्यावे, हा हिशेब कुठून येतो ते बघू. महाराष्ट्रात २००५ चा एक अधिनियम आहे. नाव लांबलचक, बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध असे दोन विषय एकत्र बांधलेले. लोक त्याला दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे की सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. तातडीची असेल तर चार दिवस, तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणार नसेल तर निर्णय पंचेचाळीस दिवसांत आणि पाठवावी लागणार असेल तर तीन महिन्यांत. न्यायनिवाड्याच्या स्वरूपाची प्रकरणे, धोरणात्मक निर्णय वगैरे यातून वगळले आहेत.

लोक यातले ‘सात दिवस’ तेवढे उचलतात आणि आठव्या दिवशी ‘निर्णय का झाला नाही’ म्हणून पत्र टाकतात. पण हे सात दिवस एका टेबलाचे आहेत, अख्ख्या कामाचे नाहीत. शिवाय ते कामकाजाचे आहेत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यातल्या सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. समजा अर्ज सोमवारी, १८ ऑगस्ट २०२५ ला दिला. दुसऱ्या दिवसापासून मोजा. १९ ते २२ असे चार, मग शनिवार-रविवार, २५ आणि २६ मिळून सहा, २७ ला गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणजे सातवा दिवस गुरुवारी, २८ ला उजाडतो. त्यात जिल्ह्याची एखादी स्थानिक सुट्टी आली तर आणखी एक दिवस पुढे. कॅलेंडरातला आठवडा २५ लाच संपला होता, पण त्या दिवशी टेबलावरचा पाचवाच दिवस चालू होता. २५ ला पत्र देणारा उतावळा ठरतो. २९ ला देणारा हिशेबी.

आणि एका टेबलाचेच दिवस भरले असतील तर एका टेबलाचाच प्रश्न विचारावा : कागद कुठे आहे? निर्णय काय झाला हा प्रश्न पंचेचाळीस दिवसांनंतरचा. त्या शेतकऱ्याला मी आज स्मरणपत्र लिहून दिले असते तर ते असे असते :

‘विषय : गट क्र. ११२ च्या फेरफाराची नक्कल मिळणेबाबत. स्मरणपत्र क्र. १.

संदर्भ : माझा दि. १८/८/२०२५ चा अर्ज, आवक क्र. २४१७.

महोदय, संदर्भीय अर्जान्वये १९६८ सालच्या फेरफाराची प्रमाणित नक्कल मागितली होती. सदर अर्ज सध्या कोणत्या संकलनाकडे आहे, तसेच माझ्याकडून एखादा कागद अथवा शुल्क बाकी आहे काय, हे कळविण्याची विनंती आहे. सोबत मूळ अर्जाच्या पोचेची छायाप्रत जोडली आहे.’

खाली सही, पत्ता, मोबाइल नंबर. बस्स. आजोबा नाहीत, भावकी नाही, न्यायही नाही. विषय मूळ अर्जावर होता तोच, अक्षरशः तोच, कारण कारकून विषयावरून फाईल शोधतो आणि विषय बदलला की त्याच्या दृष्टीने माणूसच बदलतो. सोबत पोचेची प्रत, मूळ जोडपत्रे नव्हेत. जोडपत्रे पुन्हा दिली की नवे प्रकरण उघडायला लागणारे सगळे सामान आपणच पुरवतो.

मजकुरात प्रश्न दोनच आहेत आणि मला विचाराल तर दुसरा जास्त कामाचा. ‘माझ्याकडून काही बाकी आहे काय?’ पुष्कळदा कागद थांबतो तो आळसाने थांबत नाही. एखादे शुल्क भरलेले नसते, एक सही राहिलेली असते, आणि ते कळवण्यासाठी पत्र टंकून जावक करण्याचा कंटाळा असतो. या प्रश्नाने सहायकाला मान खाली न घालता उत्तर देण्याची जागा मिळते. ‘हो, वीस रुपयांचे तिकीट राहिले आहे’ असे तो फोनवर सांगून मोकळा होतो आणि फाईल पुढे सरकते.

सरकारी दप्तरात एक कार्यालय दुसऱ्या कार्यालयालाही स्मरणपत्रे पाठवते. उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, दप्तर ज्या सहा गठ्ठ्यांत लावतात त्यांपैकी ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठ्यात बांधलेली असतात आणि ठरल्या दिवशी तो गठ्ठा सोडून बघायचा असतो. स्मरणपत्र एक, दोन, तीन. तरी शांतता, तर मग अर्धशासकीय पत्र, ज्याला सगळे डी.ओ. म्हणतात. त्यात अधिकारी अधिकाऱ्याला नावाने लिहितो आणि स्वतः सही करतो. तोवर कार्यालय कार्यालयाशी बोलत होते, आता माणूस माणसाशी बोलतो. ही चढण मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्याच स्मरणपत्रात ‘अन्यथा माहितीच्या अधिकारात अर्ज करीन’ असे लिहिणारे लोक ही चढण एका उडीत संपवतात आणि मग त्यांच्याकडे दुसऱ्या पत्रात म्हणण्यासारखे काही उरत नाही. अर्ज करायचा तर सरळ करावा, त्याला तीस दिवसांची मुदत आहेच. धमकीला कसलीच मुदत नसते.

हे झाले शिक्क्यांचे जग. पण वाचणाऱ्यातल्या बहुतेकांना स्मरणपत्र लिहावे लागते ते तहसीलदाराला नव्हे. मुलाच्या शिकवणीच्या सरांना, नांदेडच्या डॉक्टर मावसभावाला, प्लॉट दाखवतो म्हणालेल्या ओळखीच्या माणसाला, आणि तेही मोबाइलवर. तिथे आवक क्रमांक नाही, संदर्भाची ओळ नाही आणि समोरच्याचा मान मात्र ठेवायचा आहे. सरकारी स्मरणपत्राचा सांगाडा तिथेही चालतो, फक्त त्यावरची खळ काढावी लागते. माझ्या हातून झालेला एक प्रकार सांगतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या कामात पडलो. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, दरवर्षी एक व्याख्यान ठेवतो. २०२५ साली नांदेडच्या एका निवृत्त इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलवायचे ठरले. १८ ऑगस्टला सकाळी मी त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला. चांगला ऐसपैस. वाचनालयाची ओळख, आधीच्या वक्त्यांची नावे, विषय, श्रोते किती, वेळ सकाळी १०, मानधन काय देऊ शकतो, सगळे. दुपारपर्यंत निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही.

इथे माणसाचे मन वेड्यासारखे चालू लागते. मानधन कमी वाटले असेल. आमचे वाचनालय लहान म्हणून. कोणी काही सांगितले असेल. २१ तारखेच्या रात्री मी एक मजकूर लिहिलाही : ‘सर, माझा मेसेज आपण पाहिलेला दिसतो. व्यस्त असाल. तरी फक्त आठवण करून देतो. कृपया त्वरित कळवावे म्हणजे आम्हाला पुढील नियोजन करता येईल.’ आणि खाली पहिला अख्खा निरोप कॉपी करून पुन्हा चिकटवला. पाठवणार तेवढ्यात बायकोने हात धरला. ती म्हणाली, ‘अहो, नांदेडात काय चाललंय ते बघितलंव का? तिकडं गावंच्या गावं पाण्यात हायेत.’

खरेच होते. मी निरोप पाठवला त्याच्या आदल्या रात्रीपासून मुखेड तालुक्यात अतोनात पाऊस झाला होता. लेंडी धरणाचे पाणी रावणगाव, हसनाळ या गावांत शिरले होते, माणसे दगावली होती, लष्कराला बोलवावे लागले होते. सरांचे घर शहरात, पण मूळ गाव मुखेडकडचे, हे मला माहीत होते. माहीत असून सुचले नव्हते. आपल्याला उत्तर न देणारा माणूस आपल्याविषयीच विचार करत बसला आहे, असे आपण किती सहज धरून चालतो!

तो मजकूर मी पुसून टाकला. आज तो वाचतो तेव्हा त्यातले दोष एकेक करून दिसतात. ‘आपण पाहिलेला दिसतो’ म्हणजे तुमच्या टिकांवर माझी नजर आहे. ‘व्यस्त असाल’ हे समजूतदारपणाचे वाक्य दिसते, पण आत टोमणा आहे. ‘त्वरित कळवावे’ तर थेट कार्यालयातून उचललेले. एरवी ‘कळवावे’ ही मोठ्यांशी बोलण्याची जुनी, आदराची रीत. पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ लिहिणाऱ्या भाषेत ती शोभते. पण तिच्या आधी ‘त्वरित’ बसवले की तिचे परिपत्रक होते.

मराठीत दोष न देता उत्तर न आल्याचे सांगण्याची एक सोय आहे. ‘आपण उत्तर दिले नाही’ म्हणायचे नाही. ‘उत्तर आले नाही’ म्हणायचे. पहिल्यात कर्ता समोरचा माणूस, दुसऱ्यात कर्ता उत्तर. ते वाटेत कुठेतरी राहिले, कोणाचा दोष नाही. त्याच्याही पुढे जाऊन जुनी माणसे ‘पत्र पावले नसावे’ लिहीत. ‘नसावे’ या एका शब्दात टपालखात्यावर सगळा भार टाकून दोघेही मोकळे. ही सोय टपालाच्या दिवसांत खरी होती, कारण पत्रे खरेच हरवत. निळ्या टिक दिसत असताना ‘निरोप मिळाला नसावा’ लिहिले तर ते खोटे आहे आणि समोरच्यालाही ते खोटे असल्याचे कळते. खोट्या नम्रतेपेक्षा काहीच न बोललेले बरे. निरोपाला उत्तर नाही, हे दोघांनाही दिसते आहे. ते सांगण्याची गरजच नाही.

टिकांवरून आठवले. एकच करडी टिक असेल तर निरोप पोचलेलाच नाही, फोन बंद असेल किंवा नंबर बदलला असेल. तिथे स्मरणपत्र पाठवणे म्हणजे बंद दारावर दुसरे पत्र चिकटवणे. दुसऱ्या मार्गाने नंबर तपासावा. दोन करड्या म्हणजे पोचला, पण वाचला की नाही ते सांगता येत नाही. वाचल्याची खूण बंद ठेवणारे बरेच आहेत. निळ्यांतूनही एवढेच कळते की निरोपाची चौकट उघडली गेली. लिंबाच्या झाडाखाली स्कूटर थांबवून उघडली की निवांत बसून, हे टिक सांगत नाही.

मग पाठवायचे कधी? मी दिवस मोजले. २७ ला गणपती, ३१ ला महालक्ष्म्या यायच्या, २ सप्टेंबरला विसर्जन. त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या घरात कोणाला कामाचा निरोप पाठवण्यात अर्थ नसतो. पत्रिका ३ तारखेला छापखान्यात द्यायची होती. म्हणून मधला दिवस उरला मंगळवार, २६ ऑगस्ट. मूळ निरोपाला आठ दिवस झालेले. सकाळी अकराची वेळ निवडली, रात्रीची नाही. रात्री आलेला कामाचा निरोप माणूस वाचतो आणि सकाळी विसरतो.

आणि त्या चार-पाच दिवसांत मी माझाच पहिला निरोप चार वेळा वाचला. हे मात्र मी सगळ्यांना सांगेन. उत्तर येत नाही तेव्हा समोरच्याचे मन वाचत बसण्यापेक्षा आपला पहिला मजकूर वाचावा, अडचण बहुधा तिथेच असते. मी १७ सप्टेंबरला सकाळी १० वाजता लातूर, असे लिहिले होते. आता विचार करा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, म्हणून त्या दिवशी सकाळी मराठवाडाभर ध्वजारोहण असते. नांदेडात तर आणखी एक गोष्ट. तिथले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली याच तारखेला स्थापन झाले. नांदेडचा निवृत्त प्राध्यापक त्या सकाळी नांदेडात हवाच. नांदेडहून लातूर म्हणजे रस्त्याने तीन तास. म्हणजे मी त्यांना जे मागितले होते ते शक्यच नव्हते. सरळ ‘नाही’ म्हणावे तर मुक्तिदिनाच्या व्याख्यानाला नकार दिल्यासारखे होते. ‘हो’ म्हणता येत नाही. अशा वेळी भला माणूस गप्प बसतो.

२६ तारखेला मूळ निरोपावरच बोट ठेवून, त्याला रिप्लाय करून, मी लिहिले :

‘सर, नमस्कार. मुखेडकडच्या पुराच्या बातम्या वाचतो आहे, आपल्याकडची मंडळी सुखरूप असतील अशी आशा. १७ सप्टेंबरच्या व्याख्यानाबद्दल विचारतो. सकाळी आपल्याला नांदेडात ध्वजारोहण असणार हे माझ्या लक्षात आले नव्हते. दुपारी ४ ला ठेवले तर लातूरला येणे जमेल का? गाडी आम्ही पाठवू. पत्रिका ३ तारखेला छापायला द्यायची आहे. यंदा जमणार नसेल तर नुसते “नाही” कळवलेत तरी चालेल.’

रिप्लाय केल्यामुळे जुन्या निरोपाची पट्टी वर आपोआप दिसत होती. तिच्यावर बोट ठेवले की मूळ मजकूर उघडतो. तीच माझी संदर्भाची ओळ. म्हणून ओळख, आधीचे वक्ते, मानधन, काहीच पुन्हा लिहावे लागले नाही. ईमेल असेल तर त्याच जुन्या मेलला उत्तर द्यावे, विषयाला हात लावू नये, ही त्याचीच बहीण. नवा मेल काढून ‘रिमाइंडर’ असा विषय दिलात की समोरच्याला जुने शोधायला लावलेत.

पुराबद्दलचे पहिले वाक्य ठेवावे की नाही, यावर मी बराच वेळ घोळ घातला. कोणाच्या दुःखाची पायरी करून आपल्या कामापर्यंत चढणे वाईट दिसते. शेवटी ठेवले, पण एकच वाक्य आणि प्रश्न न करता. ‘सगळे ठीक ना?’ विचारले असते तर त्याचेही उत्तर देण्याचे ओझे त्यांच्यावर पडले असते. त्यांच्या घरात कोणी दगावले असते तर मी हा निरोप पाठवलाच नसता, वाचनालयाला दुसरा वक्ता शोधला असता.

या निरोपात नवे तेवढेच आहे : वेळ बदलली, गाडीचे स्पष्ट झाले, तारीख कळली. छापखान्याची तारीख हीच माझी घाई, आणि ती खरी होती. ‘लवकर’ म्हटले की घाई माझी वाटते, ‘३ तारखेला छापायचे आहे’ म्हटले की ती कामाची होते. आणि ‘नाही’ साठी उघडे ठेवलेले दार हे औदार्य नव्हते, माझीच गरज होती. नकार २६ ला मिळाला तर मला आठवडा मिळतो. ३ तारखेपर्यंतची शांतता मला काहीच देत नाही.

आमच्या ओळखीच्या एका आडत्याने मला तेव्हा वेड्यात काढले होते. गंजगोलाईत त्याचे दुकान. ‘फोन करा की सरळ!’ मराठवाड्यात बोलणे फोनवरच होते, हे खरे. उधारीसुद्धा तो अशीच काढतो. पैशाचे नाव घेत नाही. गिऱ्हाईक समोरून चालले की हाक मारतो, ‘बऱ्याच दिसात चक्कर न्हाई, कधी आलाव?’ आणि त्या गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जातो. पण ही कला समोरासमोरची आहे. चेहरा, हसू, चहाची ऑर्डर हे सगळे तिच्यात काम करते. तेच वाक्य मेसेजमध्ये लिहा, ‘बऱ्याच दिवसांत आपला काही निरोप नाही’, ते रुसल्यासारखे दिसते. आणि फोनवर अडचण अशी की भिडस्त माणसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. मग तो ‘बघू’ म्हणतो. ‘बघू’ हा आपल्याकडचा सर्वांत महाग शब्द आहे, कारण तो ‘नाही’ असूनही आपण त्यावर आणखी पंधरा दिवस काढतो. लिहिलेल्या निरोपावर माणूस पंचांग, गाडी, बायको, सगळ्यांना विचारून उत्तर देऊ शकतो.

फोन मी दुसऱ्या पायरीसाठी राखून ठेवला होता. २६ च्या निरोपालाही उत्तर आले नसते तर २ सप्टेंबरला संध्याकाळी, विसर्जन झाल्यावर, एकदा फोन. तोही उचलला नसता तर विषय तिथेच संपवून दुसऱ्याला विचारायचे. तिसरे स्मरणपत्र कार्यालयाला शोभते, माणसाला नाही. कार्यालयाला राग येत नाही आणि लाजही वाटत नाही. माणसाला दोन्ही असतात. तिसऱ्यांदा विचारलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचे तर आधी दोनदा गप्प बसल्याची माफी मागावी लागते. ते जड जाते, म्हणून तो आणखी गप्प बसतो.

काही निरोपांना तर पहिल्या आठवणीचीही गरज नसते. माहिती म्हणून पाठवलेले, ‘आपण अवश्य यावे’ असे सगळ्यांना गेलेले निमंत्रण, वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यांत प्रश्नच नसतो, मग उत्तर कशाचे मागणार? स्मरणपत्र लिहिण्याआधी मी आता मूळ निरोपात प्रश्नचिन्ह शोधतो. नसले तर चूक माझी. आणि समोरचा ‘गणपतीनंतर कळवतो’ म्हणाला असेल तर गणपती होईपर्यंत बोटे आवरायची. त्याने दिलेली तारीख आपल्या आठवड्यापेक्षा मोठी.

सरांचे उत्तर वीस मिनिटांत आले. ‘गावाकडचे घर गेले, माणसे वाचली. ४ ला येतो. गाडी नको, एस.टी. ने येईन.’ १७ ला ते पावणेचारला लातूरच्या बसस्थानकावर उतरले आणि मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो.